यादी ४१ कामांची, दिवस एकच: फोनमधली लिस्ट कशी आवरायची?

व्हिडिओत घाईत सांगितलं, ते इथे नीट लिहितो.

पुलगावच्या एक ताई घरून पापड-कुरडया विकतात. मायक्रोसॉफ्ट टू-डू अ‍ॅपमध्ये त्यांची ४१ कामं होती. म्हणाल्या, "सर, लिस्ट उघडली की जीव घाबरते, मग मी फोनच ठेवून देते."

आम्ही यादी वाचली. ‘रात्री हिशेब लिहिणे’, ‘स्टेटसला फोटो टाकणे’ अशी रोजची कामं त्यात सात होती. ही कधी संपतच नाहीत, म्हणून यादीही संपत नाही. ती काढली आणि लूप हॅबिट ट्रॅकरमध्ये टाकली, तीही सध्या दोनच. हे अँड्रॉइडचं फुकट अ‍ॅप आहे. हिशेबाला ‘आठवड्यातून ५ वेळा’ असं लावलं. काही अ‍ॅपमध्ये एक दिवस चुकला की साखळी शून्यावर येते आणि माणूस सोडून देतो. लूपमध्ये सवयीचा स्कोअर थोडाच उतरतो, पुन्हा केलं की चढतो. मात्र माहिती फोनमध्येच राहते, त्यामुळे फोन बदलण्याआधी बॅकअप घ्या.

उरली ३४. त्यांच्याकडे सकाळी एकदाच बघायचं आणि तीन कामं `My Day` मध्ये घ्यायची. दिवसभर तेवढंच पान उघडायचं. मध्यरात्री हे पान आपोआप रिकामं होतं. घाबरू नका, न झालेलं काम मूळ यादीत शाबूत असतं, आणि दुसऱ्या दिवशी `Suggestions` मध्ये दिसतं. गडबड इथेच होते. ताईंनी तिथली सगळीच कामं परत ओढली आणि चौथ्या दिवशी पान अकरा कामांचं झालं! म्हणून कालचं कामही आजच्या तिनातच मोजायचं.

‘फूड लायसन्स काढणे’ हे काम मात्र सलग तीन दिवस परत आलं. असं झालं की समजा, ते एक काम नाहीच. त्याच्या जागी ‘फोटो आणि आधारची झेरॉक्स पाकिटात ठेवणे’ लिहिलं, ते दुपारीच झालं. पिशव्यांचं काम अडलं होतं ते दुकानदाराच्या फोनसाठी. अशांची ‘वाट पाहतोय’ नावाची वेगळी यादी केली, ती शनिवारी बघायची.

आणि हो, उगाच तारखा टाकू नका. तारीख उलटली की ती लाल दिसते. दहा लाल ओळींत खरी घाईची ऑर्डर ओळखू येत नाही. गिऱ्हाइकाला शब्द दिला असेल, तिथेच तारीख.

ताईंच्या मूळ यादीत अजून २६ कामं आहेत. पण अ‍ॅप आता रोज उघडतं.