रात्रपाळी ते रात्रगणित

अकरा वर्षं मी एका कंपनीत डेटाबेस सांभाळले, बहुतेक रात्रीच. ग्राहक अमेरिकेत, त्यामुळे त्यांचा दिवस ती माझी रात्र. इंटरनेटवरचं नावही त्यातूनच आलं: `raatrapali`. या नावाने मी बॅकअपच्या स्क्रिप्ट लिहिल्या, स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तरं दिली आणि डेटाबेस कोसळला की काय करायचं यावर टिपणं ठेवली. पुढे नोकरी सोडली, दोन वर्षांचं बी.एड. केलं आणि मुंबईतल्या एका रात्रशाळेत गणित शिकवू लागलो. दिवसा दुकानात, कॅन्टीनमध्ये, कुरिअरवर काम करणारी मुलं संध्याकाळी साडेसहाला वर्गात येतात. कुणाचा तास बुडाला तर त्याला उदाहरणं पाहता यावीत म्हणून व्हिडिओ करायचं ठरवलं आणि नावाचा प्रश्न उभा राहिला.

१. नाव कागदावर जुळवू नका, वर्गात उच्चारा.

पहिल्यांदा मला वाटलं, जुन्या नावाला शेपूट जोडलं की झालं: `raatrapali_sir`. एका तासाच्या शेवटी मी ते नाव तोंडी सांगितलं आणि मुलांना चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत लिहायला लावलं. `ratrapali`, `raatrapaali`, `ratrpali`, `ratrapalee` अशी नाना रूपं आली. अंडरस्कोरच्या जागी कुणी आडवी रेघ मारली, कुणी नुसती जागा सोडली. बरोबर लिहिणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

कारण उघड आहे. आपला ‘आ’ रोमन लिपीत एका `a` ने लिहितात तसाच दोन `a` नेही. ‘ळ’ला तर स्वतःचं अक्षरच नाही. सहकारी इंजिनियर माझं नाव दुव्यावरून उचलत असत, कानाने ऐकून टाइप करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. शिक्षकाचं नाव मात्र मुलं ऐकतात आणि घरी जाऊन शोधतात. म्हणून आता माझी चाळणी साधी आहे: ‘ळ’, ‘ण’ आणि ‘ज्ञ’ शक्यतो टाळायचे, चिन्हं आणि आकडे नकोत, आणि तीन-चार वेगळ्या मुलांनी न विचारता सारखंच लिहिलं पाहिजे.

चिठ्ठ्या गोळा करताना मागच्या बाकांवर कुजबुज झाली होती. तिचं कारण शिक्षकखोलीत एका ज्येष्ठ बाईंनी सांगितलं. ‘पाळी’ या शब्दाचा दुसरा अर्थ नववी-दहावीच्या मुलींना रोजचा आहे. त्या म्हणाल्या, “सर, तुमच्या ऑफिसात तो शब्द शिफ्टचा होता. इथे मुली व्हिडिओचं नाव मोठ्याने सांगणार नाहीत.” मुलीला मैत्रिणीला सांगता येणार नाही असं नाव मला ठेवायचं नव्हतं. शेपूट जोडायचा बेत तिथेच संपला.

२. जुन्या नावातलं काय न्यायचं, ते एकच ठरवा.

‘रात्र’ माझ्या दोन्ही आयुष्यांत होती, म्हणून ती ठेवली. `ratrashala` हे नाव फार मोहात पाडत होतं, पण ते संस्थेचं वाटतं. एकट्या शिक्षकाने ते घेतलं तर पालकांना ते शाळेचं अधिकृत खातं वाटेल, आणि माझी चूक शाळेच्या माथी जाईल. शेवटी `ratraganit` ठरलं. ‘गणित’मध्ये ‘ण’ असला तरी ते जवळजवळ सगळ्यांनी सारखंच लिहिलं. दहा अक्षरं, म्हणजे एक्सवरच्या पंधराच्या मर्यादेतही सहज बसतं. जुन्या नावातला दुहेरी `a` मात्र सोडला. तो माझ्या सवयीचा होता, मुलांच्या नाही. `raatraganit` हे रूपही घेऊन ठेवलं आहे. तिथे फक्त मुख्य खात्याचा दुवा आहे.

चित्रही तेच ठेवलं: टेबलावरचा दिवा आणि खिडकीत चंद्रकोर. फक्त निळ्या पार्श्वभूमीची हिरवी केली. नाव वाचण्याआधी माणूस चित्र ओळखतो, हे जुन्या सहकाऱ्यांच्या निरोपांवरून कळलं.

३. कुठे नाव बदलायचं आणि कुठे नवं खातं काढायचं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरतं.

इथे मी घाई केली आणि ती नडली. गिटहबवर सेटिंगमध्ये जाऊन थेट नाव बदललं. स्क्रिप्टच्या जुन्या पत्त्यांवर येणाऱ्यांना गिटहब आपोआप नव्या पत्त्यावर नेतं, एवढं मला ठाऊक होतं. पण ही सोय भांडारांपुरतीच असते. `raatrapali.github.io` वरची माझी टिपणं मात्र त्याच क्षणी नाहीशी झाली आणि स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या माझ्या उत्तरांतले दुवे मेले. आणखी एक धोका होता: सोडलेलं नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो. त्याने त्याच नावाचं भांडार उघडलं तर जुन्या दुव्यावरून येणारा माणूस त्याचा कोड उतरवून घेईल. बॅकअपच्या स्क्रिप्टच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही.

उपाय असा सापडला. जुन्या नावाने गिटहबवर एक मोफत संस्था-खातं उघडलं आणि टिपणांचं भांडार त्यात हलवलं. पानं पुन्हा जुन्याच पत्त्यावर दिसू लागली आणि नावही माझ्याच ताब्यात राहिलं. त्या खात्यात मी स्क्रिप्टच्या नावाचं नवं भांडार कधीच उघडत नाही, कारण तसं केलं की आपोआप पुढे नेणारा दुवा तुटतो. पूर्वीच्या कमिट इमेलच्या पत्त्याशी जोडलेल्या असल्याने त्या माझ्याच नावावर राहिल्या.

स्टॅक ओव्हरफ्लोवर काहीच अडलं नाही. तिथे खातं क्रमांकाने ओळखलं जातं, दिसणारं नाव बदललं तरी उत्तरं आणि गुण जागेवर राहतात.

यूट्यूबवर माझा जुना चॅनेल होता, तिथे मात्र नवा काढला. जुन्या चॅनेलचे सदस्य डेटाबेसवाले. त्यांना त्रिकोणाची समरूपता दाखवून उपयोग नाही, आणि मुलांना व्हिडिओंच्या यादीत क्वेरी नकोत.

४. दुवा कोणत्या बाजूने द्यायचा?

जुन्या खात्यांवर एक ओळ आहे: आता `ratraganit` या नावाने गणित शिकवतो. उलट बाजूने मात्र मी लगेच दुवा दिला नाही. त्याआधी तीन रविवार बसून जुनं लिखाण वाचलं. पहाटे तीनला, सर्व्हर बंद पडलेला असताना, एका ग्राहकाबद्दल लिहिलेले काही शेरे होते. ते चौदा वर्षांच्या मुलाने वाचावेत असे नव्हते, आणि खरं तर कुणीच वाचावेत असे नव्हते. ते काढले. त्यानंतरच नव्या चॅनेलच्या माहितीत पूर्वीचं नाव लिहिलं. शाळेचं नाव कुठेच नाही, आणि मुलांचे चेहरे किंवा नाव दिसणारी वही कॅमेऱ्यासमोर येत नाही.

५. जुना इमेल बंद करू नका.

सगळ्या खात्यांची पासवर्ड परत मिळवण्याची वाट त्याच पत्त्यातून जाते. मी तो ठेवला, तिथलं टपाल नव्या पत्त्यावर वळवलं, आणि महिन्यातून एकदा आत जाऊन बघतो.

मागच्या महिन्यात तिथे एक पत्र आलं. नागपूरच्या एका गृहस्थांनी बॅकअपची स्क्रिप्ट वापरताना आलेली अडचण लिहिली होती. शेवटी त्यांनी विचारलं होतं: दुवा दिसला म्हणून व्हिडिओ पाहिले, मुलगी दहावीत आहे, वर्गसमीकरणावर आणखी काही आहे का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी एकाच पत्रात लिहिली.