सणानंतरची धडधड : साधा चुकार ठोका की दारूने बिघडलेला ताल?

नाताळ ते नवे वर्ष आणि त्यापुढची लग्नसराई, या दिवसांत आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. "रात्री छातीत धडधड झाली, नाडी चुकली, आता काय करावे?" कोणी या धडधडीने उगाच घाबरून जातो, तर कोणी जिथे घाबरायला हवे तिथे पांघरूण ओढून झोपतो. म्हणून या वेळी आम्ही या दोन प्रकारांतला फरक नीट समजावून देत आहोत.

उदाहरणासाठी एकाच घरातले दोन भाऊ घेऊ. दोघेही ऊस लावणारे, वय चाळिशीचे. पुतण्याच्या लग्नासाठी दोघे सुरतेहून दमणला गेले. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे आपल्याकडची बरीच मंडळी पिण्यासाठी दमणला किंवा नवापूरच्या बाजूला जातात आणि महिन्याची कसर एका रात्रीत भरून काढतात. थोरल्याने त्या रात्री कडक बिअरच्या तीन बाटल्या घेतल्या. "बिअर म्हणजे काय, पाणीच," असे त्याचे म्हणणे. आता हिशेब करू. 650 मिलिलिटरच्या बाटलीत 8 टक्के मद्यार्क धरला, तर शुद्ध मद्यार्क 52 मिलिलिटर होतो. व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या मोठ्या पेगात तो सुमारे 26 मिलिलिटर असतो. म्हणजे एक बाटली दोन मोठ्या पेगांएवढी झाली आणि थोरल्याने सहा पेग रिचवले. धाकट्याने दारूला हात लावला नाही, पण जागरणासाठी पाच-सहा कप चहा आणि एनर्जी ड्रिंकचे दोन डबे घेतले.

पहाटे दोघांच्याही छातीत धडधड झाली. धाकट्याने मनगटावर बोटे ठेवली. नाडी एका तालात चालली होती. मध्येच एक ठोका घाईने आला, मग क्षणभर थांबा, त्यानंतर एक जोरकस ठोका, आणि पुन्हा पहिला ताल. हा चुकार ठोका. वास्तविक हृदय थांबलेले नसते. एक ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतरच्या थांब्यात हृदयात जास्त रक्त भरते आणि पुढचा ठोका छातीवर आपटल्यासारखा लागतो. निरोगी माणसातही असे ठोके दिवसभर अधूनमधून पडत असतात. शांत पडल्यावर ते जाणवतात, उठून कामाला लागले की बहुधा विसरतात. जागरण, चिंता, ताप यांनी ते वाढतात.

थोरल्याची नाडी वेगळी होती. तिला तालच नव्हता. दोन ठोके जवळ, तिसरा लांब, चौथा दुबळा, पाचवा जोरदार. वेग मिनिटाला एकशे तीसच्या आसपास. हे पाच मिनिटांत थांबले नाही, तासन्‌तास चालले. जिना चढताना दम लागला. याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात.

ओळखण्याची सोपी रीत अशी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मांडीवर ताल धरा. पूर्ण एक मिनिट धरा. ताल सापडला आणि मधूनच एखादा ठोका चुकला, तर बहुधा चुकार ठोका. पुढचा ठोका केव्हा येणार हे एकदाही सांगता आले नाही, तर एट्रियल फिब्रिलेशनचा संशय धरा. पक्के निदान मात्र कार्डिओग्रामनेच होते, आणि तोही धडधड चालू असताना काढलेला हवा. नंतर काढलेला कागद स्वच्छ आला म्हणजे काही झाले नव्हते असे ठरत नाही.

सुट्टीतल्या दारूशी असा संबंध अमेरिकेतील डॉ. फिलिप एटिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली मांडला. त्यांचे 24 रोगी भरपूर पिणारे होते, आणि झटके बहुधा सुट्टीनंतर येत. त्यावरून या विकाराला "हॉलिडे हार्ट" हे नाव पडले. दारूमुळे हृदयाच्या विजेचा क्रम बिघडतो, लघवीवाटे पाणी व क्षार जातात, झोप मोडते. या सगळ्यांतून वरचा कप्पा थरथरू लागतो. उन्हात आंबलेली ताडी आणि मोहाची दारू यांतही मद्यार्क तोच असतो. सकाळची ताजी नीरा मात्र वेगळी.

मग चहा-कॉफीचे काय? तिच्यावर विनाकारण आळ येतो. 2023 सालच्या एका अमेरिकी प्रयोगात कॉफीच्या दिवशी वरच्या कप्प्याचे चुकार ठोके लक्षात येण्याजोगे वाढले नाहीत. खालच्या कप्प्याचे मात्र काहीसे वाढले. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात 200 रोग्यांपैकी रोज कॉफी घेणाऱ्यांत फिब्रिलेशन परत येण्याचे प्रमाण 47 टक्के, तर सोडणाऱ्यांत 64 टक्के होते. म्हणून नेहमीचे दोन-तीन कप सोडण्याची सक्ती आम्ही करणार नाही. ज्याला चहाने धडधडते हे स्वतः अनुभवले असेल त्याने कमी करावा.

एनर्जी ड्रिंकला मात्र ही सवलत नाही. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे त्यात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन असते, आणि ते थंड असल्याने घटाघट प्यायले जाते. त्याहून वाईट म्हणजे ते दारूत मिसळणे. कॅफिनमुळे झोप उडते, नशा कळत नाही, आणि माणूस आणखी पितो.

थोरल्याचे पुढे काय करावे? बऱ्याच जणांत दारू उतरल्यावर चोवीस तासांत ताल आपोआप परत येतो. पण त्या भरवशावर घरी बसू नये. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू होतो. धडधड कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा, कारण डॉक्टर उपचार त्यावर ठरवतात. छातीत दुखणे, घेरी, श्वास कोंडणे, तोंड वाकडे होणे किंवा हात-पाय लुळा पडणे, यातले एकही दिसले तर ताबडतोब 108 ला फोन करा. शेजाऱ्याच्या हृदयाच्या गोळ्या घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. दारूबंदीच्या भीतीने आपली माणसे डॉक्टरांपासून पिणे लपवतात. "काल जेवण जड झाले" म्हटले की डॉक्टर चुकीच्या वाटेने शोध घेतात. किती, काय, केव्हा घेतले ते स्पष्ट सांगा. उलट, सगळा दोष दारूवर टाकूनही चालत नाही. लहानपणी सांधेदुखीच्या तापाने झडप आकसलेली असेल, किंवा थायरॉइड वाढलेले असेल, तर हाच ताल दारूशिवायही येतो. म्हणून पहिल्या झटक्यानंतर हृदयाची सोनोग्राफी आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

धाकट्याला एवढेच सांगायचे : डबे बंद कर, झोप पुरी कर, ठोके वाढले, दम लागला किंवा चक्कर आली तर दाखव. थोरल्याने मात्र ताल सुधारल्यावरही बाटली जवळ करू नये. 2020 साली ऑस्ट्रेलियातील प्रयोगात अशा 140 रोग्यांपैकी दारू सोडणाऱ्यांत झटका परत आला 53 टक्क्यांना, चालू ठेवणाऱ्यांत 73 टक्क्यांना. म्हणजे सोडून धोका शून्य होत नाही, पण पुष्कळ घटतो.