गाडी आधी काट्यावर घ्या

फूड ट्रक काढायचाय म्हणून कोणी विचारायला आलं की मी आधी गाडीची आरसी मागतो. तिच्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वजन असतं. या दोन आकड्यांमधल्या फरकात सगळं हॉटेल बसवायचं असतं.

छोटा हत्ती साधारण 750 किलो ओझं घेतो. सुपा एमआयडीसीसाठी मी गाडी बांधायला काढली, तेव्हा बॉडीवाल्यानं लोखंडी चौकट आणि जाड पत्रा सुचवला, म्हणजे 350 किलो. ओटा, शेगड्या, फ्रीज मिळून 125. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. दोन भरलेल्या व्यावसायिक गॅसच्या टाक्या 70, दोन माणसं 130, माल 60. बेरीज 885. मूळ हौदा काढून वाचणारं वजन धरलं तरी जास्तच. अशा गाडीचे मागचे पाटे सपाट होतात, स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक उशिरा धरतो. म्हणून ॲल्युमिनियमची बॉडी घेतली, टाकी एकच ठेवली आणि पाणी 80 लिटरवर आणलं. बॉडी तयार झाल्यावर गाडी वजनकाट्यावर चढवा. अंदाजावर जाऊ नका.

तोच बॉडीवाला म्हणाला, "पासिंगचं नंतर बघू, आधी पत्रा कापतो." इथे थांबायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. आरसीवर नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. आराखडा द्या, मंजुरी घ्या, मगच कटर लावू द्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे छतावर पंखा असला तरी आराखड्यात तळाशी झरोके हवेतच.

एफएसएसएआयची नोंदणी ऑनलाइन होते, ती अवघड नाही. जागेचं मात्र जपून. नगर-पुणे महामार्गाच्या कडेला गर्दी दिसते, पण तिथे गाडी लावली की उठवतात. कारखान्यांजवळच्या खासगी जागामालकाची लेखी संमती घ्या आणि पाळी सुटताना दोन-तीन वेगवेगळ्या वारी तिथे उभे राहून बघा. कामगार पायी बाहेर पडतात की कंपनीच्या बसमध्ये बसून निघून जातात? बस थेट गेटातून सुटत असतील तर ती जागा सोडा.

मेनू पाण्यानं ठरवला. 80 लिटरमध्ये स्टीलच्या ताटल्या धुणं जमत नाही, म्हणून सुपारीच्या पानाचे द्रोण. वडे-भजी नाहीत, कारण कढईतलं तेल निवेपर्यंत गाडी हलवता येत नाही. मिसळ प्रवासाला बरी. मटकी घरीच बोटचेपी शिजवायची, कट वेगळ्या झाकणबंद डब्यात आणि शेव कोरडी. पोचल्यावर कट खळखळून उकळायचा आणि विकताना 60 अंशांच्या वर ठेवायचा. मटकी कटात आधीच घातली, तर सुप्याला पोचेपर्यंत तिचा गाळ होतो.