कंपनीचे मूल्य आणि पाच वर्षांपलीकडचा काळ

एखादी कंपनी विकत घ्यायची तर तिला किती किंमत द्यावी? तिच्यापासून पुढे जी रोकड हाती येणार, तिचे आजचे मूल्य काढावे, असे अर्थशास्त्र सांगते. जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ साली ही कल्पना शेअरच्या संदर्भात सविस्तर मांडली. पुढच्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो, म्हणून त्यातून वटाव कापायचा, एवढेच तिचे सूत्र. पण कंपनीला मरणतिथी नसते. अनंत वर्षांचे आकडे कोण मांडणार? म्हणून पहिली पाच वर्षे एकेक करून मांडतात आणि उरलेला सगळा काळ एका आकड्यात बसवतात. त्या आकड्याला अंतिम मूल्य म्हणतात. प्रस्तुत लेख त्या एका आकड्याविषयी आहे.

मी एक काल्पनिक कंपनी घेतली. सर्व खर्च, कर व नवी गुंतवणूक वजा जाता पहिल्या वर्षी तिच्या हाती १०० लाख रुपये उरतात. ही रक्कम पाचव्या वर्षापर्यंत दरसाल १० टक्क्यांनी वाढून १४६ लाखांवर जाते. वटावाचा दर १२ टक्के धरला. पाच वर्षांच्या रकमांचे आजचे मूल्य ४३१ लाख येते. सहाव्या वर्षापासून वाढ कायमची ५ टक्के मानली, तर त्या वर्षाची रक्कम १५३.७ लाख. तिला १२ वजा ५, म्हणजे ७ टक्क्यांनी भागले की पाचव्या वर्षअखेरचे अंतिम मूल्य २,१९६ लाख मिळते. ते आजवर आणले की १,२४६ लाख. एकूण मूल्य १,६७७ लाख. त्यात ज्या पाच वर्षांवर आपण एवढी मेहनत घेतली त्यांचा वाटा जेमतेम चौथा हिस्सा. ७४ टक्के अंतिम मूल्याचे!

हे पाहून मी प्रथम दचकलो. पण आमच्या घरी शेअर कोणी पाहिला नसला, तरी जमीन सर्वांनी पाहिली आहे. पाच वर्षांचा खंड देऊन कोणी शेताची मालकी देत नाही. तेव्हा पुढच्या काळाचा वाटा मोठा असण्यात गैर काही नाही. शिवाय हा वाटा आपण रेघ कुठे मारतो यावर अवलंबून आहे. वरच्याच कंपनीची आणखी पाच वर्षे त्याच ५ टक्के वाढीने वेगळी मांडली, तर अंतिम मूल्याचा वाटा ७४ वरून ५४ टक्क्यांवर येतो; एकूण मूल्य मात्र १,६७७ लाखच राहते. "आमच्या हिशेबात अंतिम मूल्य निम्म्याच्या आसपास आहे, म्हणून तो भरवशाचा," असे कोणी म्हणाले, तर त्याने फक्त रेघ पुढे सरकवली आहे काय, हे पाहावे.

खरा धोका दुसरीकडे आहे. कायमची वाढ ५ ऐवजी ६ टक्के धरली की एकूण मूल्य १,८९८ लाख होते. एका टक्क्याने २२१ लाख! विकणारा सहा म्हणेल, घेणारा चार म्हणेल, आणि दोघांचेही आकडे कागदावर सारखेच सुबक दिसतील. अर्थव्यवस्थेपेक्षा कायम वेगाने वाढणारी कंपनी शेवटी सारी अर्थव्यवस्थाच गिळेल, म्हणून वाढीच्या दराला वरची मर्यादा असते. पण त्या मर्यादेच्या आतही एक चूक सर्रास होते.

वाढ फुकट मिळत नाही. नवी यंत्रे, नवा माल, वाढती उधारी यांत पैसा घालावा लागतो. समजा नव्या गुंतवणुकीवर कंपनीला १२ टक्केच मिळतात. मग ५ टक्के वाढीसाठी नफ्याचे बारापैकी पाच भाग परत गुंतवावे लागतील. आपल्या १५३.७ लाखांमागे त्या हिशेबाने २६३.५ लाख नफा हवा. आता वाढ ६ टक्के करा. नफ्याचा निम्मा भाग परत जाईल, हाती १३१.८ लाख उरतील. त्यांना ६ टक्क्यांनी भागा. उत्तर पुन्हा २,१९६ लाख! वाढीने काडीचीही भर घातली नाही, कारण गुंतवणुकीवरचा परतावा वटावाच्या दराइतकाच होता. वर मिळालेले २२१ लाख केवळ हातची रोकड तीच ठेवून वाढीचा दर बदलल्यामुळे आले होते. परतावा १२ टक्क्यांहून अधिक असेल तरच वाढीला मोल आहे, आणि तसा परतावा स्पर्धा किती वर्षे टिकू देईल, हा प्रश्न मग कारखान्याचा नि बाजारपेठेचा आहे.

काही जण सूत्र बाजूला ठेवून पाचव्या वर्षाच्या रोकडीला सरळ एका पटीने गुणतात. आपले २,१९६ म्हणजे १४६ ची १५ पट. कोणी २० पट लावली, तर त्याने नकळत जवळजवळ ६.७ टक्के कायमची वाढ मानली आहे. पट कुठलीही असो, ती उलटी फिरवून आत दडलेला हा दर काढता येतो. आणि तेवढी वाढ पोसायला नफ्यातून किती पैसा परत घालणार, हे विकणाऱ्याला विचारता येते.