काठ-पदराची रंगसंगती : साडीच्या दुकानात उपयोगी पडलेला चित्रकलेचा पाठ



लाल आणि हिरवा रंग शेजारी शेजारी लावला तर दोन्ही उठून दिसतात आणि एकत्र कालवले तर तपकिरी चिखल होतो. हे आपण वर्गात मुलांकडून करून घेतोच. रेशमी साडी घेताना नेमकं हेच लक्षात ठेवायचं असतं. मला मात्र ते एका चुकीनंतर कळलं.

धाकट्या बहिणीच्या लग्नात आईसाठी आम्ही भावंडांनी पैसे जमवून पैठणी घ्यायचं ठरवलं. पौडहून बस पकडून लक्ष्मी रोडला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. दुकानात गडद हिरवं अंग आणि निळे काठ असलेली साडी आवडली. वरच्या दिव्यांत काठाची जर अशी झळकत होती की निळा-हिरवा फरक स्पष्ट वाटला. लग्नात मंडपात पाहिलं तर चार हातांवरून सगळी साडी एकाच काळपट रंगाची! आई काही बोलली नाही, पण फोटो पाहताना म्हणाली, "काठ कुठं गेले गं?"

चूक कुठे झाली? दोन्ही रंगांची नावं वेगळी होती, पण गडदपणा सारखाच होता. दुकानात त्यांना वेगळं दाखवत होती ती मधली जर. म्हणून आता मी आधी जरीच्या पट्टीवर कागद ठेवून झाकते आणि फक्त अंग व काठ पाहते. मग साडी दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन आठ-दहा फुटांवरून डोळे किलकिले करून बघते. मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढला तरी चालतो. फोटोत दोन्ही भाग एकाच करड्या छटेचे आले, तर लांबून काठ विरघळण्याचा धोका आहे. मात्र हा फोटो फक्त गडद-फिका सांगतो, रंग सांगत नाही. लाल-हिरवी जोडी फोटोत सारखी दिसली तरी प्रत्यक्षात छान उठून दिसू शकते. म्हणून फोटोनंतर पुन्हा डोळ्यांनी बघायचंच.

पदराची गोष्ट थोडी वेगळी आहे. काठासाठी मागावर वेगळ्या रंगाचे उभे धागे लावता येतात. पण अनेक साड्यांत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, तसाच पुढे पदरात जातो. बदलतो तो फक्त बाणा, म्हणजे आडवा धागा. म्हणजे काठाचा रंग अंगाच्या शेजारी बसतो, तर पदराचा रंग अंगाच्या रंगात मिसळतो. हिरव्या ताण्यावर लाल बाणा घातला की जवळून धूपछाव दिसते, पण लांबून पदर मळकट, तपकिरी वाटू शकतो. बाणा दाट ठोकला असेल किंवा पदर पूर्ण जरीचा असेल, तर हा परिणाम कमी होतो. इरकलीत पदराचा ताणाच वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला जोडतात. म्हणून तिचा लाल पदर स्वच्छ लाल दिसतो.

यासाठी पदर नुसता पसरून बघू नका. तो हातावर घेऊन उजेडात तिरका हलवा. प्रत्येक कोनातून रंग आवडतो का बघा. मग निऱ्यांसारखी घडी घालून काठ त्या पदराशेजारी धरा, कारण नेसल्यावर खांद्यावरचा पदर आणि निऱ्यांवरचा काठ एकाच नजरेत येतात.

शेजारचा रंग डोळ्यांना कसा फसवतो हे फ्रान्समध्ये शेव्हरल यांनी दाखवलं. पॅरिसच्या गोबलां कारखान्यात ते रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका येतो अशी तक्रार आली. त्यांनी शोधलं तर दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगात होता. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1839 साली आलं. म्हणूनच दुकानदार एकावर एक साड्या टाकतो, तेव्हा तुमची साडी ढिगातून काढून पांढऱ्या चादरीवर एकटी ठेवायला सांगा.

पुढे भाच्याच्या मुंजीला आईसाठी दुसरी साडी घ्यायला आम्ही मुद्दाम सकाळी गेलो. मोतिया अंग, डाळिंबी काठ आणि जरीचा पदर. कागद ठेवला, दाराशी नेली, फोटो काढला. करड्या फोटोतही काठ ठळक. आईनं स्वतः दहा फुटांवरून पाहून मान डोलावली.

वर्गात हे करायचं असेल तर रेशमाची गरज नाही. हिरव्या आणि लाल घोटीव कागदाच्या बारीक पट्ट्यांची चटई विणायला द्या आणि शेजारी त्याच दोन रंगांचे सलग तुकडे चिकटवा. मग मुलांना वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभं करा. पट्ट्या जितक्या बारीक, तितकी चटई लांबून तपकिरी दिसते, आणि शेजारचे तुकडे मात्र लाल-हिरवेच राहतात.