जे मसुद्यात नव्हतंच, त्यालाच हरकत

बाईंचा राग अजून उतरलेला नाही. मुरबाड तालुक्यातल्या एका गावच्या या निवृत्त शिक्षिका. पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ३१ जुलै २०२४ रोजी काढला, २०१४पासूनचा सहावा. शहापूर-मुरबाडमध्ये लगेच कुजबुज सुरू झाली: जमिनी जाणार, घर बांधता येणार नाही. पाठोपाठ एका स्थानिक पुढाऱ्याची माणसं छापील हरकतपत्रं घेऊन दारोदार फिरली. ‘आमच्या जमिनी संपादित करू नका’ एवढाच मजकूर. सही केली की झालं.

बाईंच्या रहिवासी गटाने मात्र मसुदाच वाचायला घेतला. राजपत्रात तो हिंदी आणि इंग्रजीत होता, मराठीत नाही. दोन संध्याकाळी गेल्या. संपादनाचं कलम कुठेच सापडलं नाही. उलट मालमत्तेच्या विक्रीवर निर्बंध नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. बंदी होती खाणी, दगडखाणी आणि वाळू उपशावर, नव्या औष्णिक वीजप्रकल्पांवर, ‘लाल’ वर्गातल्या नव्या उद्योगांवर आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर. ज्या खाणी चालू आहेत त्या पाच वर्षांत किंवा पट्टा संपताच बंद करायच्या.

‘मग कळलं, पत्रं कोणाच्या कामाची होती,’ बाई म्हणतात. पुढाऱ्याला विचारलं तर उत्तर मिळालं, ‘बाई, तुम्ही शाळा शिकवा.’

गावाची खरी अडचण वेगळीच होती. हा मसुदा ज्यावर बेतलेला होता, त्या २०१३च्या कस्तुरीरंगन अहवालाने गाव हे एकक धरलं. ज्या गावाचा २० टक्के किंवा अधिक भाग संवेदनशील, ते अख्खं गाव यादीत. त्यामुळे डोंगरावरच्या जंगलाबरोबर खालचं गावठाणही आत येतं. गटाची हरकत म्हणून एवढीच झाली: यादीतला आमच्या गावाचा अनुक्रमांक हा, क्षेत्र जंगलापुरतं ठेवा, गावठाण आणि हे गट नंबर वगळा. सोबत गावनकाशा, सातबारा उतारे आणि ग्रामसभेचा ठराव. दगडखाणबंदीला पाठिंबा, तोही कलम सांगून, वेगळ्या परिच्छेदात.

हे पत्र घेऊन गेल्यावर तालुक्याच्या एका कार्यालयात ‘ठेवून जा, पुढे पाठवतो’ असं सांगण्यात आलं. नाही ठेवलं, ते बरं केलं. मसुद्यात पत्ता दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनाचा होता. हरकती थेट तिथेच जायला हव्या होत्या, पोस्टाने किंवा ईमेलने. हरकतींसाठी मुदत ६० दिवसांची होती; ३१ जुलैपासून मोजले तर शेवट २९ सप्टेंबरला, म्हणजे रविवारी येत होता, म्हणून गटाने पत्र आधीच्या आठवड्यातच टाकलं.

बाईंचा सल्ला मोजका: पत्रात भावना कमी, कलम जास्त, आणि कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. पोचपावती आणि जोडपत्रांची प्रत त्यांनी फाइलला लावून ठेवली आहे. कारण आधीचे पाच मसुदे अंतिम न होताच मुदतबाह्य झाले, आणि नवा निघाला की हरकत पुन्हा नव्याने पाठवावी लागते.