घुमटाचा गळा आधी पाहा

मुक्ता, जुन्या इमारतीचा फोटो हातात आला की तुझी नजर पहिली कळसाकडे जाते. ती थोडी खाली आण. घुमट भिंतीवर जिथे टेकतो, तो त्याचा गळा. दख्खनच्या इमारतींचा काळ ओळखायचा असेल, तर तिथूनच वाचायला लागायचं.

गुलबर्ग्यातल्या बहमनी काळातल्या सुरुवातीच्या कबरी पाहा. भिंती वर जाताना किंचित आत झुकतात, घुमट बसका असतो आणि गळा उघडा असतो, त्याच्याभोवती काही नसतं. हा चौदाव्या शतकाचा उत्तरार्ध. विजापूरला आलीस की गळ्याभोवती दगडी पाकळ्यांचं कडं दिसेल, जणू घुमट उमलत्या कमळातून वर आला आहे. फोटोत पाकळ्या स्पष्ट असतील, तर बहमनी काळाचा पूर्वार्ध बहुतेक बाद होतो आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे किंवा त्यानंतरच्या काळाकडे बघावं लागतं. 1565 साली तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरलं, विजापुरात पैसा आला आणि मोठी बांधकामं सुरू झाली. तिथली जामा मशीद त्यानंतरची. तिचा घुमट अर्धगोल आहे आणि त्याच्या पायाशी पाकळ्या आहेत.

पुढे घुमट फुगत जातो. हे फोटोत मोजता येतं. पट्टी घे आणि गळ्याची रुंदी मोज, मग घुमटाचा सगळ्यांत रुंद भाग मोज. रुंद भाग गळ्याच्या वर असला, तर घुमट फुगीर. पण फोटो कुठून काढला ते आधी बघ. भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून काढलेल्या फोटोत छज्जा गळा झाकतो, पाकळ्याही दिसत नाहीत, आणि फुगीर घुमट अर्धगोल वाटायला लागतो. असा फोटो बाजूला ठेव, लांबून काढलेला शोध. भर दुपारचाही नको. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात सावली पडते आणि पाकळ्यांच्या कडा, छज्ज्याखालच्या घोड्या उठून दिसतात. वारंवार चुना दिलेल्या इमारतीवर तर तिरकं ऊनच उपयोगी पडतं, कारण नक्षीच्या कडा बुजलेल्या असतात.

दुसरी खूण कमान. आदिलशाही कमान टोकदार असते, पण तिची रेघ नीट बघ. खालून वर येताना वळण बऱ्यापैकी गोल असतं, मग एका ठिकाणी वळण थांबतं आणि तिथून टोकापर्यंत रेघ जवळजवळ सरळ जाते. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून ती रेघ काढलीस तर लगेच कळेल. आणि कमानीच्या दोन्ही खांद्यांवर एखादं गोल पदक दिसलं, ते नागमोडी टेकूवर तोललेलं असलं, तर विजापूरची शक्यता फार वाढते.

महिरपीसारख्या अनेक पाकळ्यांची कमान दिसली तर वेगळा विचार कर. तशी एखाद-दुसरी कमान आधीही सापडते, पण ती सर्रास होते शाहजहानच्या आग्रा-दिल्लीतल्या इमारतींपासून, म्हणजे 1630 नंतर. आपल्याकडे पेशवाईतल्या वाड्यांत सुरूच्या आकाराच्या लाकडी खांबांवर ती दिसते.

आता नक्षी, आणि इथे लोक सगळ्यांत जास्त फसतात. नक्षी कमी म्हणजे इमारत जुनी, नक्षी दाट म्हणजे नंतरची, असं मनाशी धरलं की विजापूरच तुला उलटं पाडेल. इब्राहिम रोजा आणि गोल घुमट यांचे फोटो शेजारी ठेव. इब्राहिम रोजात मुख्य चौकोनी इमारतीभोवती कमानींचा ओवरा आहे, एकेका बाजूला सात कमानी. वर बाहेर आलेला छज्जा, त्याखाली कोरीव घोड्यांची रांग, कोपऱ्यांत नाजूक मिनार आणि मध्ये पाकळ्यांतून वर आलेला फुगीर घुमट. गोल घुमटाच्या बाहेरच्या भिंती मात्र मोठ्या आणि बऱ्याचशा साध्या. दर्शनी बाजूला आत घेतलेल्या कमानी, वर भला थोरला छज्जा, कोपऱ्यांवर सात मजली अष्टकोनी मनोरे. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर.

साध्या दिसणाऱ्या इमारतीला तू आधीचा नंबर देशील. प्रत्यक्षात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा रोजा 1627च्या सुमाराचा, आणि गोल घुमट त्याचा मुलगा मुहम्मद आदिलशहा याचा. मुहम्मद 1656 मध्ये वारला, तेव्हा गिलाव्याचं काम पुरं झालेलं नव्हतं. म्हणजे साधेपणा जुना नाही, अपुरा आहे. त्याच्याही पुढचा दुसरा अली आदिलशहा 1672 मध्ये गेला. त्याच्या कबरीच्या, म्हणजे बारा कमानच्या, नुसत्या काळ्या दगडी कमानी उभ्या आहेत आणि घुमट कधी चढलाच नाही. फोटोत ते फार पुरातन अवशेष वाटतात, काहींना तर चर्चच्या कमानी वाटतात. पण ती सरळ होत जाणारी रेघ आणि विजापूरचा ठसा नीट पाहिलास तर तो फोटो सतराव्या शतकातच जाऊन बसतो.

म्हणून नक्षी मोजू नकोस. इमारतीतली सगळ्यांत उशिरा सुरू झालेली खूण शोध. जुन्या पद्धतीची कमान नंतरचा माणूसही बांधू शकतो, पण पुढे रूढ झालेली गोष्ट आधीच्या इमारतीत सहसा येत नाही. इब्राहिम रोजाच्या फोटोत पाकळ्या आहेत, फुगीर घुमट आहे, कोरीव घोड्या आहेत. या तिन्ही एकत्र धरल्या की अंदाज 1600 ते 1650 असा निघतो, आणि इमारतीतला मजकूर सांगतो तो काळही त्याच पट्ट्यात बसतो. फोटोवरून इतकंच हाती येतं, पन्नासेक वर्षांचा पट्टा. नेमकं साल शिलालेख आणि कागदपत्रं देतात. आणि ती उशिराची खूण नंतरची डागडुजी तर नाही ना, हेही बघावं लागतं. भिंतीतच गुंतलेला दगड आणि वरून चिकटवलेला गिलावा, यांत फरक कर.

शेवटची फसगत मुंबईची. जनरल पोस्ट ऑफिसचा घुमट पाहून विजापूर आठवेल, आणि ते बरोबरच आहे. जॉन बेग यांनी त्यासाठी गोल घुमटाचाच आधार घेतला. पण ही इमारत 1913ची. तशीच जॉर्ज विटेट यांची म्युझियमची इमारत, जिचा पायाभरणी समारंभ 1905 मध्ये झाला. अशा फोटोत घुमट झाकून खालचा भाग पाहा. मजल्यामागून मजले, त्यांत काचेच्या खिडक्यांच्या ओळी, आणि कमानीच्या आतही खोल्याच. आदिलशाही कबरीत आत एकच मोठी मोकळी जागा असते, म्हणून बाहेर खिडक्यांच्या रांगा लागत नाहीत. घुमट जुना, पोट कचेरीचं, असं दिसलं की एकोणिसाव्या शतकाची अखेर किंवा विसाव्याची सुरुवात.

एवढं झालं की फोटोमागे पेन्सिलीने पट्टा लिही आणि शेजारी ज्या खुणांवरून तो काढलास त्याही लिही. नुसतं साल लिहून ठेवू नकोस. पुढच्याला तपासायला आधार राहू दे.